फुली दिसेनाशी होण्याच्या वेळेवरून अभिक्रियेची कोटी: सोडिअम थायोसल्फेट आणि आम्ल यांच्या प्रयोगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड या भागांतील कनिष्ठ महाविद्यालयांत आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात हा प्रयोग केला जातो, कारण त्यासाठी स्टॉपवॉच, एक शंकुपात्र आणि कागदावर काढलेली फुली यांपेक्षा जास्त साहित्य लागत नाही. तरीही प्रयोगवहीत लिहिलेली कोटी, म्हणजे अभिक्रियेचा दर संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात बदलतो तो आकडा, कधी ०.९, कधी १.१, तर कधी थेट १.५ येते, आणि असे का झाले हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. पुढील प्रश्न प्रामुख्याने याच फरकाविषयी आहेत.

या अभिक्रियेत नेमके काय घडते आणि फुली का दिसेनाशी होते?

थायोसल्फेटच्या रंगहीन द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की पुढील अभिक्रिया होते:

Na2S2O3 + 2HCl → 2NaCl + S + SO2 + H2O

यात तयार होणारे मीठ विरघळलेले राहते आणि सल्फर डायऑक्साइड काही अंशी विरघळतो, काही अंशी वायुरूपाने बाहेर पडतो. गंधक मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण द्रावणात तरंगत राहतात, खालून येणारा प्रकाश विखुरतात आणि द्रावण आधी निळसर, मग पांढुरके आणि शेवटी फिकट पिवळे व अपारदर्शक होते. शंकुपात्राखाली ठेवलेल्या कागदावरील फुलीकडे वरून पाहिले असता ती हळूहळू पुसट होत जाते आणि एका क्षणी अजिबात दिसत नाही. आम्ल घातल्यापासून या क्षणापर्यंतचा वेळ, म्हणजे t, हीच या प्रयोगातील एकमेव मोजणी होय.

मोजला जातो वेळ, मग दर म्हणून १/t कसा वापरता येतो?

या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय पुढील आकडेमोड केवळ पाठांतर ठरते, म्हणून ते थोडे सावकाश पाहू. दर म्हणजे ठरावीक काळात तयार झालेल्या गंधकाचे प्रमाण. फुली दिसेनाशी होण्यासाठी द्रावणाच्या एका लिटरमागे गंधकाचे जे प्रमाण लागते त्याला x म्हणू. शंकुपात्र तेच, द्रवाची उंची तीच, फुली तीच आणि पाहणारा तोच असेल, तर प्रत्येक वेळी x जवळजवळ सारखाच राहील, असे आपण गृहीत धरतो. म्हणजे पहिल्या t सेकंदांतील सरासरी दर x/t इतका होतो. x ची किंमत आपल्याला माहीत नसते, आणि ती माहीत असण्याची गरजही नसते, कारण कोटी काढताना दोन दरांचे गुणोत्तर घेतले जाते आणि त्यात x निघून जातो.

या मांडणीत दोन गृहीतके आहेत. पहिले असे की x खरोखरच प्रत्येक वेळी सारखा असतो. दुसरे असे की सरासरी दर हा सुरुवातीच्या दराइतकाच असतो, म्हणजे फुली जाईपर्यंत थायोसल्फेटचा फारच थोडा भाग खर्च झालेला असतो. तीव्र द्रावणांसाठी दुसरे गृहीतक चांगले लागू पडते, विरल द्रावणांसाठी ते ढिले पडत जाते. प्रयोगातील नेहमीच्या विचलनाचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते, आणि त्याचा हिशेब पुढे केला आहे.

द्रावणे किती तीव्रतेची घ्यावीत?

थायोसल्फेटचे ०.१५ मोलर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ मोलर द्रावण सोयीचे ठरते. प्रयोगशाळेत हायपो या नावाने ओळखले जाणारे स्फटिक पाच रेणू पाण्यासह असतात आणि त्यांचे मोलर वस्तुमान सुमारे २४८ ग्रॅम असते. म्हणून एक लिटर द्रावणासाठी ३७.२ ग्रॅम, किंवा पाव लिटरसाठी ९.३ ग्रॅम स्फटिक लागतात. उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात द्रावण करावे आणि काही दिवसांत वापरून संपवावे. जुने द्रावण बाटलीतच किंचित धुरकट दिसत असेल, तर ते टाकून द्यावे. २ मोलर आम्लासाठी तीव्र आम्ल पाण्यात हळूहळू घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हायपोच्या बाटलीचे झाकण सैल राहिले तर स्फटिकांतील पाणी उडून जाते, ते पांढरे आणि भुगा झालेले दिसतात आणि तितक्याच वजनात थायोसल्फेट जास्त भरते. त्यामुळे वेळा बदलतील, पण कोटी बदलणार नाही, कारण सर्व मिश्रणे एकाच मूळ द्रावणापासून केलेली असतात आणि त्यांच्या संहतींची गुणोत्तरे तशीच राहतात. दर स्थिरांक काढायचा असता तर ही चूक अक्षम्य ठरली असती.

प्रत्यक्ष कृती कशी करावी?

पाच मिश्रणे करावीत. त्यांत थायोसल्फेटचे द्रावण अनुक्रमे ५०, ४०, ३०, २० आणि १० मिलि घ्यावे आणि प्रत्येकात पाणी घालून आकारमान ५० मिलि करावे. शंकुपात्र फुलीवर ठेवून त्यात १० मिलि आम्ल एकदम ओतावे, त्याच वेळी घड्याळ सुरू करावे, पात्र एक-दोनदा गोल फिरवून पुन्हा फुलीवर ठेवावे आणि सरळ वरून पाहावे. फुली पूर्णपणे दिसेनाशी झाली की घड्याळ थांबवावे. थायोसल्फेट आणि पाणी ब्युरेटने मोजले तर उत्तम. मोजपात्रे वापरायची असल्यास थायोसल्फेटसाठी आणि आम्लासाठी वेगळी ठेवावीत, कारण आम्लाचे चार थेंब राहिलेल्या मोजपात्रात थायोसल्फेट घेतले की गंधक तेथेच तयार होऊ लागतो.

फुली प्रत्येक वेळी नव्याने काढू नये. एकदा जाड पेनाने काढलेला कागद प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात घालून सर्व मिश्रणांसाठी तोच वापरावा.

पाणी घालून आकारमान सारखे का करायचे? कमी थायोसल्फेट घेतले तरी संहती कमी होणारच ना?

नुसते कमी थायोसल्फेट घेतले तर एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. थायोसल्फेटची संहती कमी होते, पण पाणी नसल्यामुळे ती अपेक्षेपेक्षा खूपच कमी प्रमाणात घटते. आम्लाची संहती वाढते. आणि पात्रातील द्रवाची उंची कमी होते, ज्यामुळे फुली झाकण्यासाठी द्रावणात दर लिटरमागे जास्त गंधक लागतो, म्हणजे ज्याला आपण स्थिर मानले होते तो x बदलतो. एकूण आकारमान ६० मिलि ठेवल्याने आम्लाची संहती आणि द्रवाची उंची या दोन्ही गोष्टी पक्क्या राहतात आणि थायोसल्फेटची संहती ही एकच गोष्ट बदलते. याच कारणाने मधेच दुसऱ्या मापाचे शंकुपात्र घेऊ नये. २५० मिलिच्या पात्रात ६० मिलि द्रव १०० मिलिच्या पात्रातल्यापेक्षा बराच उथळ पसरतो आणि त्या वेळा पहिल्या वेळांशी जोडता येत नाहीत.

मिळालेल्या वेळांवरून कोटी कशी काढायची? एखादे उदाहरण मिळेल का?

खालील वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला या क्रमाच्या वेळा अपेक्षित असतात. संहतीच्या रकान्यात आम्ल घातल्यानंतरची, म्हणजे ६० मिलि मिश्रणातील थायोसल्फेटची संहती दिली आहे.

| थायोसल्फेट (मिलि) | संहती (मोल प्रति लिटर) | वेळ t (सेकंद) | मिलि × सेकंद |
|---|---|---|---|
| ५० | ०.१२५ | २४ | १२०० |
| ४० | ०.१०० | ३० | १२०० |
| ३० | ०.०७५ | ४१ | १२३० |
| २० | ०.०५० | ६३ | १२६० |
| १० | ०.०२५ | १३८ | १३८० |

शेवटचा रकाना पुस्तकात सहसा नसतो, पण आकडे मिळताच तो तयार करावा असा माझा आग्रह आहे. दर संहतीच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असेल, तर संहती निम्मी झाली की वेळ दुप्पट होईल आणि दोघांचा गुणाकार स्थिर राहील. वरील गुणाकार सुरुवातीला स्थिर आहे आणि खाली येताना थोडा वाढत गेला आहे. अजून आलेख काढलेला नसताना एवढ्यावरूनच दोन गोष्टी कळतात: कोटी एकच्या जवळ आहे, आणि ती एकपेक्षा किंचित जास्त येणार आहे.

आता आलेख. दर k·c^n असा मानला तर लॉग घेतल्यावर log(1/t) = n·log c + स्थिरांक असे समीकरण मिळते. आडव्या अक्षावर संहतीचा लॉग आणि उभ्या अक्षावर १/t चा लॉग घेऊन पाचही बिंदूंमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढली की तिचा चढ म्हणजेच कोटी n. वरील आकड्यांसाठी हा चढ १.०९ येतो. म्हणून थायोसल्फेटच्या संदर्भात कोटी एक आहे असा निष्कर्ष निघतो, पण वहीत १.०९ हा आकडाही लिहिला पाहिजे.

संहतीच्या संदर्भात १/t चा साधा आलेखही काढतात. तो मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा आला तर कोटी एक. हा आलेख डोळ्यांना पटकन पटतो, मात्र त्यात १ आणि १.१ यांतील फरक लपून जातो.

शेजारच्या दोन वाचनांवरूनच कोटी काढली तर चालेल का?

चालणार नाही. समजा २४ सेकंदांच्या वाचनात दोन सेकंदांची चूक झाली आणि ते २६ झाले. ५० आणि ४० मिलिची दोनच वाचने वापरली तर कोटी १ वरून जवळपास ०.६४ वर घसरते, कारण त्या दोन संहतींमध्ये फरकच फार थोडा आहे. तीच चूक असताना ५० आणि १० मिलिची टोकाची वाचने वापरली तर कोटीत केवळ ०.०५ चा फरक पडतो. म्हणून संहतींचा पल्ला निदान पाचपट असावा आणि चढ सर्व बिंदूंवरून काढावा.

कोटी नेमकी १ न येता १.०९ का आली? चूक कुठे झाली?

यात हाताची चूक झालेली असेलच असे नाही. वर म्हटलेले दुसरे गृहीतक येथे तपासून पाहू. अंदाजासाठी असे मानू की फुली झाकायला लिटरमागे ०.००६ मोल गंधक लागतो. एका मोल थायोसल्फेटपासून एक मोल गंधक मिळतो, म्हणून तेवढेच थायोसल्फेट खर्च होते. ५० मिलिच्या मिश्रणात सुरुवातीला ०.१२५ मोल असताना हा खर्च पाच टक्क्यांहूनही कमी आहे, म्हणजे दर शेवटपर्यंत जवळजवळ सुरुवातीसारखाच राहतो. १० मिलिच्या मिश्रणात मात्र सुरुवातीलाच ०.०२५ मोल असतात आणि फुली जाईपर्यंत त्यांतील जवळपास चौथा भाग संपलेला असतो. जसजसे थायोसल्फेट संपते तसतसा दर मंदावतो आणि वेळ लांबते.

पहिल्या कोटीच्या अभिक्रियेसाठी हा हिशेब नेमका करता येतो. वेळ ln[c/(c − x)] च्या प्रमाणात असते. या सूत्राने पाहिले तर, कोटी अगदी बरोबर एक असली तरी, १० मिलिच्या ओळीतील गुणाकार १२०० न राहता सुमारे १३४० व्हायला हवा. उदाहरणात तो १३८० आहे. म्हणजे १.०९ मधील वरच्या ०.०९ चा बराचसा भाग केवळ या खर्चामुळे आला आहे आणि तो मोजणीच्या पद्धतीचाच परिणाम आहे.

उरलेला भाग पहिल्या गृहीतकाकडे बोट दाखवतो. गंधक तयार होताच तो दिसू लागतो असे नाही. आधी तो द्रावणात साठत जातो, त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की एकदम असंख्य कण जन्मतात आणि पुढे तयार होणारा गंधक त्या कणांवर बसून ते मोठे होतात. १९५० मध्ये लामर आणि डायनेगर यांनी कण कसे जन्मतात व वाढतात याविषयी जे विवेचन मांडले, ते आम्लयुक्त थायोसल्फेटपासून मिळणाऱ्या गंधकाच्या कलिल द्रावणांच्याच अभ्यासातून. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की कण किती आणि केवढे यावर गढूळपणा अवलंबून असतो. तीव्र आणि विरल मिश्रणांत कणांचा आकार वेगळा असेल तर तितक्याच गंधकाने फुली सारखी झाकली जाणार नाही. फुलीच्या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे आणि ती घड्याळ अधिक अचूक घेतल्याने दूर होत नाही.

म्हणून विद्यार्थ्याने १.०९ ऐवजी १.०० लिहू नये. विरल टोकाचा बिंदू रेषेच्या किंचित खाली का गेला याचे कारण सांगणारे उत्तर गुणांच्या दृष्टीनेही अधिक मोलाचे ठरावे.

आम्लाच्या संदर्भात कोटी किती येते?

त्यासाठी थायोसल्फेट ३० मिलि पक्के ठेवावे, आम्ल १०, ८, ६, ४, २ मिलि घ्यावे आणि पाणी वाढवून एकूण ६० मिलि करावे. पहिले मिश्रण आधीच्या मालिकेतील तिसऱ्यासारखेच असल्यामुळे त्याची वेळ पुन्हा ४१ सेकंदांच्या जवळ यायला हवी. ती तशी आली नाही, तर मधल्या काळात तापमान किंवा उजेड बदलला आहे असे समजावे.

या मालिकेतील वेळा साधारण ४१, ४२, ४४, ४८ आणि ५९ सेकंद अशा येतात असे धरू. आम्लाची कोटी एक असती, तर आम्ल एक पंचमांश केल्यावर वेळ पाचपट म्हणजे २०५ सेकंद झाली असती. ती ५९ वरच राहते. १० आणि ६ मिलिमधील वाचनांवरून कोटी ०.१४ येते, तर ४ आणि २ मिलिमधील वाचनांवरून ०.३. म्हणजे आम्ल भरपूर असताना कोटी शून्याजवळ असते आणि आम्ल कमी होत गेले की ती वाढते.

कारण असे की थायोसल्फेट आयन प्रथम एक हायड्रोजन आयन घेतो आणि HS2O3⁻ बनतो. आम्ल भरपूर असताना बहुतेक थायोसल्फेट या रूपात आधीच गेलेले असते, त्यामुळे आणखी आम्ल घालून फारसे काही बदलत नाही. शेवटच्या मिश्रणात मात्र हायड्रोजन आयनांची संहती ०.०६७ आणि थायोसल्फेटची ०.०७५ आहे, म्हणजे आम्ल संख्येनेच कमी पडते, आणि मग त्याच्या प्रमाणाचा प्रभाव जाणवू लागतो. म्हणून “आम्लाची कोटी शून्य” असे लिहिताना “आम्ल अधिक्यात असताना” हे शब्द गाळू नयेत.

समीकरणात HCl च्या आधी २ आहे, तर आम्लाची कोटी २ का नाही?

संतुलित समीकरण केवळ सुरुवातीचा आणि शेवटचा हिशेब सांगते, वाटेतील टप्पे सांगत नाही. गंधकाचा एक अणू सुटा होऊन कण बनत नाही. हायड्रोजन आयन घेतलेल्या थायोसल्फेटपासून पुढे गंधक अणूंच्या साखळ्या वाढत जातात आणि त्यांपैकी काही आठ अणूंच्या वलयात बंद होतात. इतके टप्पे असलेल्या अभिक्रियेची कोटी केवळ प्रयोगानेच ठरते, आणि ज्या संहतींच्या पल्ल्यात प्रयोग केला त्या पल्ल्यापुरतीच ती खरी असते.

सकाळच्या आणि दुपारच्या तुकडीची कोटी वेगळी का येते?

तापमानामुळे. या अभिक्रियेचा दर नेहमीच्या तापमानाला एका अंशामागे साधारण पाच ते सात टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी प्रयोगशाळा थंडगार असते आणि दुपारी पत्र्याखालची खोली चांगलीच तापलेली असते. एखाद्या तुकडीचे सर्व प्रयोग सकाळी आणि दुसरीचे सर्व दुपारी झाले, तर वेळा वेगळ्या येतील, पण दोघांची कोटी सारखीच यायला हवी. कोटी बिघडते ती एकाच मालिकेदरम्यान तापमान सरकले तर.

समजा एखाद्या गटाने ५० मिलिपासून सुरुवात करून क्रमाने १० मिलिपर्यंत काम केले आणि तेवढ्या वेळात द्रावणे चार अंशांनी गरम झाली. मग शेवटची वेळ १३८ ऐवजी सुमारे १०८ सेकंद येईल, आणि टोकांच्या वाचनांवरून निघणारी कोटी १.०९ ची ०.९३ होईल. गुणाकाराच्या रकान्यात हे लगेच दिसते, कारण आकडे खाली येताना वाढण्याऐवजी घटू लागतात. दोन उपाय करता येतात. मिश्रणे क्रमाने न करता उलटसुलट करावीत, जसे ३०, १०, ५०, २०, ४०. आणि थायोसल्फेट, आम्ल व पाणी यांच्या बाटल्या प्रयोगाच्या अर्धा तास आधीपासून एकाच पाण्याच्या घमेल्यात ठेवाव्यात.

ऊर्ध्वपातित पाणी संपले तर बोअरचे किंवा जारचे पाणी चालेल का?

मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड असते हे खरे, आणि त्यातील बायकार्बोनेट काही आम्ल संपवते हेही खरे. पण ४० मिलि पाण्यातील बायकार्बोनेटने संपणारे आम्ल १० मिलि २ मोलर आम्लाच्या तुलनेत दोन टक्क्यांच्या आसपासच भरते, आणि आम्ल अधिक्यात असल्याने त्याचा वेळेवर परिणाम जाणवणार नाही. गाळ असलेले पाणी मात्र मुळीच वापरू नये, कारण ते स्वतःच फुली पुसट करते.

खरा धोका पाण्याच्या तापमानाचा आहे आणि त्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. छतावरील टाकीतून येणारे पाणी दुपारी कोमट असते, तर पिण्यासाठी आलेल्या जारमधील पाणी पुष्कळदा थंड केलेले असते. विरल मिश्रणात पाण्याचाच भाग मोठा असल्यामुळे ही चूक नेमकी एका बाजूला झुकते. थायोसल्फेट आणि आम्ल ३० अंशांना आणि जारचे पाणी १५ अंशांना असेल, तर ५० मिलिचे मिश्रण ३० अंशांनाच राहील, कारण त्यात पाणी नाहीच, पण १० मिलिच्या मिश्रणात ४० मिलि पाणी येत असल्यामुळे ते सुमारे २० अंशांवर येईल. दहा अंशांच्या फरकाने दर जवळपास निम्मा होतो आणि टोकांच्या वाचनांवरून कोटी १.५ च्या आसपास येते. एखाद्या गटाने दीड कोटी काढून दाखवली आणि त्यांच्या टेबलावर जार असेल, तर प्रथम पाण्यात तापमापक बुडवून पाहावा.

घड्याळ केव्हा सुरू करावे आणि फुली “गेली” हे कसे ठरवावे?

आम्ल ओतायला एक-दोन सेकंद लागतात, म्हणून निम्मे ओतून झाले की घड्याळ सुरू करण्याचा नियम करावा आणि तो सर्व वाचनांसाठी पाळावा. सुरुवातीची ही चूक २४ सेकंदांच्या वाचनात जास्त भोवते. विरल मिश्रणात अडचण उलटी असते. तेथे फुली इतकी सावकाश पुसट होते की ती गेली की नाही हे ठरवताना पाच-सहा सेकंद सहज इकडेतिकडे होतात. म्हणून प्रत्येक मिश्रण निदान दोनदा करावे.

पाहणारा एकच असावा. दुसऱ्या विद्यार्थ्याची नजर वेगळी असली तरी त्याच्या सर्व वेळा एकाच प्रमाणात लांबतील किंवा आखडतील आणि कोटी बदलणार नाही, पण निम्मी वाचने एकाची आणि निम्मी दुसऱ्याची असतील तर बदलेल. उजेडाचेही तसेच आहे. खिडकीतून ऊन सरकत येत असेल तर पडदा लावून ट्यूबलाइटच्या उजेडात काम करावे.

तिसऱ्या-चौथ्या वाचनानंतर वेळा कमी कमी का होऊ लागतात?

पात्राच्या बुडाशी आणि कडेला गंधकाचा पातळ थर चिकटून राहिला असावा. तो फुलीला आधीच अंधुक करतो. रिकामे, कोरडे पात्र फुलीवर ठेवून पाहिले की हे कळते. वाचन घेतल्याबरोबर पात्र रिकामे करून ब्रशने घासावे, कारण थर वाळल्यावर तो सहजासहजी निघत नाही.

सल्फर डायऑक्साइडचा त्रास कसा टाळावा?

अभिक्रिया फुली दिसेनाशी झाल्यावरही चालूच असते, त्यामुळे वाचन झालेली पात्रे टेबलावर तशीच ठेवणे हे त्रासाचे मुख्य कारण असते. ५० मिलिच्या एका मिश्रणातून पूर्ण अभिक्रियेअंती जवळपास अर्धा ग्रॅम सल्फर डायऑक्साइड तयार होऊ शकतो. वीस गटांनी पात्रे तशीच ठेवली तर बंद खोलीत डोळे चुरचुरतात आणि खोकला सुरू होतो. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे द्रावण करून ठेवावे आणि प्रत्येक मिश्रण वेळ नोंदवताच त्यात ओतावे. सोडा आम्ल संपवतो आणि विरघळलेला वायूही धरून ठेवतो. ओतताना फेस येतो, म्हणून टब अर्धाच भरावा. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, पात्राच्या तोंडावर वाकून वास घेऊ नये, आणि ज्या विद्यार्थ्याला दम्याचा त्रास आहे त्याने फुली पाहण्याचे काम न घेता दाराजवळ बसून वेळा नोंदवाव्यात.